मुलाखत क्रमांक नऊ

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, मागच्या खिडकीखाली, एक लांबट टेबल होतं. त्याच्यावर खळीचं भांडं, जाड सुया, मेणाचा दोरा, कापडाच्या पट्ट्या आणि पुठ्ठ्यांची चळत. त्या टेबलामागे बसून मावशी फाटकी पुस्तकं बांधायच्या. मावशी म्हणजे माझी कुणी नव्हे. सगळं कॉलेज त्यांना मावशीच म्हणायचं. प्राचार्यही म्हणायचे, आणि ते मावशींपेक्षा सहा वर्षांनी मोठे होते.

मावशींनी बांधलेलं पुस्तक हातात घेतलं की कळायचं. दुसऱ्या कुणी बांधलेलं पुस्तक उघडलं की कण्यात करकरतं, मधली पानं ताणली जातात आणि आतल्या ओळी शिवणीत गडप होतात. मावशींचं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं तर उघडंच राहायचं. त्या आधी जुनी शिवण उसवायच्या, पानांचे जुडगे वेगळे करायच्या, कुठलं पान कुठं गेलंय ते पाहायच्या, मग शिवायला घ्यायच्या. घाई केलेली त्यांना खपायची नाही. एकदा परीक्षेच्या तोंडावर मी एक संदर्भग्रंथ लवकर मागितला, तर म्हणाल्या, "खळ वाळायची ती वाळणारच सर, तुमची परीक्षा आहे म्हणून लवकर वाळायची नाही." त्यांच्या तोंडून एवढा लांब टोमणा मी तेवढा एकदाच ऐकला. एरवी बाई अबोल. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, आणि इकडे त्या आणि त्यांची धाकटी नणंद अशा दोघी राहायच्या. यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं.

ठाऊक नव्हतं हे लिहितानाच लाज वाटते, कारण माझा विषयच तो. मी समाजशास्त्र शिकवतो. धार्मिक अल्पसंख्याकांवर माझे सात शोधनिबंध छापून आलेत, दोन परिसंवादांत मी बीजभाषण केलंय. आणि मावशी ज्या धर्माच्या, त्या धर्माची आमच्या शहरात मोजून साठ-सत्तर घरं. ग्रंथपालाची जागा रिकामी, म्हणून अकरा वर्षं ग्रंथालयाचा कारभार माझ्याकडे. म्हणजे अकरा वर्षं रोज ती बाई माझ्यापासून वीस पावलांवर बसत होती. मी तिला तिच्या धर्माबद्दल एक प्रश्न विचारला नाही. म्हणजे एक विचारायचो. तो पुढे येईलच.

मावशींची नेमणूक कायम नव्हती. दरवर्षी मार्चअखेर ती संपायची, आणि पुढच्या वर्षासाठी शिफारस मी करायची असे. मी ती न चुकता करायचो. तिच्याइतकं काम दुसरं कोण करणार होतं? पण ती शिफारस माझ्या लेखणीत होती, हे मी जेवढं विसरून गेलो होतो तेवढंच मावशींच्या पक्कं ध्यानात होतं. हे मला फार उशिरा कळलं.

आता त्या लेखाकडे येतो.

आमच्या विषयाचं एक नामांकित त्रैमासिक आहे. त्याच्या संपादकबाई अधूनमधून माझ्याकडे लेख परीक्षणासाठी पाठवतात. याची रीत अशी, की लेख कुणाचा ते परीक्षकाला सांगत नाहीत, आणि परीक्षक कोण ते लेखकाला सांगत नाहीत. असे दोन परीक्षक असतात. त्यांनी तीन आठवड्यांत अहवाल द्यायचा. लेख जसाच्या तसा घ्या, थोड्या दुरुस्त्या करून घ्या, मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा दाखवा, किंवा नको, यांपैकी एका चौकटीत खूण करायची. खाली एक मोठी जागा लेखकाला काय सांगायचं त्यासाठी, आणि तिच्याखाली एक लहान जागा फक्त संपादकासाठी, जी लेखकाला दिसत नाही. याचे पैसे मिळत नाहीत, नाव होत नाही. पण मान वाटतो, आणि मला मानाची भूक आहे हे आमच्या घरातलं मांजरही सांगेल.

माझ्या अहवालांचा लौकिक होता. संपादकबाई म्हणायच्या, तुमचा अहवाल वाचून लेखक रडत नाही आणि फुगतही नाही. मी आधी लेखातलं चांगलं नेमकेपणानं दाखवायचो, उगाच 'विषय महत्त्वाचा आहे' असं गुळमुळीत नाही. मग उणिवा, आणि प्रत्येक उणिवेपुढे ती कशी भरून काढायची ते. बायको म्हणायची, "परक्यांच्या लेखाला इतकं सांभाळून घेता, घरच्या आमटीला कधी असं दोन अंगांनी बोलला नाहीत." मी हसायचो.

त्या हिवाळ्यात आलेला लेख एका लहान धार्मिक समाजावर होता. समाजाचं नाव होतं, शहराचं नव्हतं. 'एक मध्यम आकाराचं शहर' एवढंच. समाज मावशींचाच, पण त्यांची घरं चार-पाच शहरांत विखुरलेली, त्यामुळे माझ्या डोक्यात काही आलं नाही. बावीस मुलाखती होत्या. प्रार्थनेच्या घराची दुरुस्ती कुणी करायची यावरून तीन पिढ्या चाललेला वाद, दफनभूमीची नोंदवही सांभाळणाऱ्या कुटुंबाची गोष्ट, आणि शेवटी नोकरीच्या ठिकाणचे अनुभव. लेखकाचं म्हणणं असं, की या लोकांना कुणी मारत नाही, हाकलत नाही, त्यांना फक्त सतत हसून घ्यावं लागतं. आणि हे हसून घेणं ही त्यांनी रोज द्यायची किंमत आहे.

मी कौतुक मनापासून केलं. नोंदवहीचा भाग उत्तम साधलाय असं लिहिलं, आणि लेखक लोकांच्या ओसरीवर किती काळ बसला असेल ते वाक्यावाक्यात दिसतं असंही. ते आजही मागे घेणार नाही. पण नोकरीच्या भागावर मी अडखळलो. तिथं एका बाईचं बोलणं थोडक्यात दिलं होतं: वरिष्ठ आमच्या सणाची थट्टा करतात, मीही हसते, हसलं की सही लवकर होते. बस्स एवढंच. मला ते भक्कम वाटलं नाही. मी लिहिलं, की संपूर्ण युक्तिवाद या एका विधानावर तोललेला आहे. थट्टा म्हणजे नेमकी काय? सौम्य विनोद आणि अपमान यांत फरक केला पाहिजे. मूळ शब्द संदर्भासह द्यावेत. तसंच बावीस जण कोण, ते वाचकाला कळत नाही; प्रत्येकाचं वय, शिक्षण, व्यवसाय, नोकरीची वर्षं आणि कौटुंबिक स्थिती दाखवणारा तक्ता जोडावा, म्हणजे पद्धतीबद्दल शंका राहणार नाही. खालच्या लहान जागेत, फक्त संपादकबाईंसाठी, आणखी एक ओळ लिहिली: 'लेखक आपल्या माणसांच्या बाबतीत थोडा हळवा झाला आहे, एवढं कमी झालं तर लेख पक्का.' 'मोठ्या दुरुस्त्या' या चौकटीत खूण केली आणि पाठवून दिलं. एक चांगलं काम हातावेगळं झालं म्हणून त्या दिवशी मी चहा दोनदा घेतला.

अडीच महिन्यांनी दुरुस्त लेख आला. सोबत लेखकाचं उत्तर, मुद्द्याला मुद्दा. दुसऱ्या परीक्षकानं फारसं काही मागितलं नव्हतं. माझ्या प्रत्येक सूचनेखाली नम्रपणे लिहिलं होतं: परीक्षकांचे आभार, सुचवल्याप्रमाणे तक्ता जोडला आहे, सुचवल्याप्रमाणे मूळ शब्द दिले आहेत. एक माणूस माझं ऐकतो आहे, याचा मला आनंद झाला. दुपारची वेळ, वर्ग संपले होते, खोलीचं दार उघडं होतं. मी आधी तक्ता पाहिला.

नववी ओळ अशी होती: स्त्री, वय चोपन्न, शिक्षण सातवी, एका कॉलेजात पुस्तकबांधणी, बावीस वर्षं, हंगामी नेमणूक, विधवा, नणंदेसोबत राहते.

मी मान वर करून दाराबाहेर पाहिलं. तिथून ग्रंथालयाची मागची खिडकी दिसते. मावशी पुठ्ठा कापत होत्या.

मग लेखातलं ते पान काढलं. मूळ शब्द द्यावेत असं मी म्हटलं होतं ना, ते दिले होते. 'सणाच्या सुट्टीचा अर्ज घेऊन गेलं की सर विचारतात, काय मावशी, यंदा कुठली तारीख दिली तुमच्या देवानं? मागच्या साली निराळी होती की. मग तिथं बसलेले सगळे हसतात. मीही हसते. हसलं की सही लवकर होते. सर माणूस वाईट नाहीत. पण त्या आठवड्यात मला अन्न गोड लागत नाही.'

तो माझा विनोद होता. त्यांचे सण चंद्रावर चालतात, म्हणून तारीख दरवर्षी सरकते. अकरा वर्षं, वर्षातून दोनदा, मी तो केला होता. कॉलेजच्या स्नेहभोजनात केला होता, घरी पाहुण्यांना नक्कल करून दाखवला होता. मावशींच्या हसण्याचीही नक्कल केली होती, तोंडावर पदर धरून. बायकोनं तेव्हा मला ढोसलं होतं, आणि मला वाटलं होतं ती नेहमीसारखी ढोसते आहे.

कुणी भर चौकात थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं, निदान गाल चोळता आला असता. 'सर माणूस वाईट नाहीत' हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. माझी बाजू घेणारं त्या पानावर तेवढंच होतं, आणि तेही तिनंच सांगितलं होतं.

हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात उतरली. हा तक्ता छापून आला तर आमच्या कॉलेजात तो वाचणाऱ्या कुणालाही नऊ नंबरची बाई कोण हे कळायला अर्धं मिनिट पुरलं असतं. आमच्या विभागात ते त्रैमासिक येतं, चार जण वाचतात. साठ-सत्तर घरांच्या समाजात तर उरलेले एकवीस जणही ओळखू आले असते. प्रार्थनेच्या घराच्या वादात कोण कुणाविरुद्ध काय बोललं, सगळं. नाव लपवायचं आणि वय, धंदा, घरची माणसं ओळीनं मांडायची, हे लपवणं नव्हेच. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवतो. तरीही तक्ता मीच मागितला होता. कारण तक्ता मागितला की परीक्षक कडक दिसतो.

तेव्हा मी दुसरा अहवाल लिहायला घेतला. तक्ता पूर्ण काढावा, माणसं ओळखू येण्याचा धोका आहे, हे पहिलं वाक्य. ते खरं होतं. त्याच दमात दुसरं वाक्य लिहिलं: याच कारणासाठी मुलाखत क्रमांक नऊमधला उतारा संपूर्ण गाळावा. हेही खरं दिसत होतं. मावशींना वाचवण्याच्या आडोशानं मी स्वतःला वाचवत होतो, आणि ते इतकं बेमालूम होतं की मलाच स्वतःचं कौतुक वाटलं. पाठवून दिलं.

दुसऱ्याच दिवशी संपादकबाईंचा फोन आला. त्या बत्तीस वर्षं हे काम करतायत. एका ओळीवरून माणसाचं पोट कुठं दुखतंय ते ओळखतात. तक्त्याचं त्यांना पटलं होतं, उलट पहिल्या फेरीत माझी ती मागणी जाऊ दिली म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. पण त्यांनी विचारलं, की उतारा का गाळायचा? नेमके शब्द थोडे झाकले, पूर्वीसारखा गोषवारा ठेवला, की झालं. अख्ख्या लेखात जिवंत तेवढंच आहे, आणि तुम्ही दोन्ही फेऱ्यांत हात धुऊन त्याच्याच मागे लागलाय.

मी इकडचं तिकडचं बोललो. त्या ऐकत राहिल्या. शेवटी मी म्हणालो, "त्यातले सर म्हणजे मी."



"मग हा लेख तुमच्याकडे ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यानं जास्त लागलं. "तुमचा दुसरा अहवाल मी बाजूला काढते, तिसऱ्या माणसाकडे पाठवते. तक्ता काढायला मीच लेखकाला सांगेन. आणि एक. त्या बाई कोण हे तुम्हाला कळलंय, ते तिथंच राहू द्या. माफी मागायला जाऊ नका. तुम्हाला बरं वाटेल, पण त्यांना कळेल की त्यांचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचलं."

मी हो म्हणालो. घरी बायकोला सांगितलं तेव्हा तीही तेच म्हणाली, जरा वेगळ्या शब्दांत: "आता तरी त्या बाईला तुमच्या चांगुलपणापासून लांब ठेवा." मी तिलाही हो म्हणालो.

पण दिवस जाईनात. ग्रंथालयात जायचं तर मी पुढच्या दारानं जायला लागलो, मागच्या खिडकीशी नजर नको म्हणून. मावशींनी बांधलेलं पुस्तक हातात आलं की खाली ठेवायचो. माफी मागायला मिळत नाही हा मला माझ्यावरच अन्याय वाटायला लागला. माणूस किती कोडगा असतो बघा, चूक माझी आणि जाचही मलाच. हळूहळू मी मनाला पटवलं, की लेखाचं अवाक्षर न काढता माफी मागता येईल. आपलं आपल्याला उमगलं, असं म्हणायचं. संपादकबाई नियम पाळणाऱ्या बाई, त्यांना माणसांचं काय कळतंय.

मग सणाच्या आठ दिवस आधी मावशी अर्ज घेऊन आल्या. खोलीत दोघे सहकारी बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाची तयारी मला दिसली, आणि मावशींच्या चेहऱ्यावर हसण्याची. ती मी इतक्या वर्षांत प्रथमच पाहिली: ओठ आधीच थोडे ताणलेले, हात पदराकडे निघालेला. मी काही न बोलता सही केली. मावशी थांबल्या. मी सहकाऱ्यांना जरा बाहेर जायला सांगितलं. इथंच चुकलो; वरिष्ठ इतरांना बाहेर काढतो तेव्हा हंगामी नोकराला आपली नोकरी गेली असंच वाटतं, हे मला कळायला हवं होतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मावशी, इतकी वर्षं मी तुमच्या सणाची थट्टा करत आलो. ते वाईट होतं. मला माफ करा."

बोलताना माझा आवाज कापला. खरंच कापला, आणि तेही मला आवडलं.

मावशींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग अर्जाकडे, मग माझ्याकडे.

"सर," त्या म्हणाल्या, "मी कुणाशी काही बोलले नाही."

मी म्हटलं, नाही नाही, मला कुणी काही सांगितलं नाही, माझं मलाच वाटलं. पण मी ते फार घाईनं म्हटलं. मग आज एकाएकी का, हे त्यांना विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं. त्यांनी तोच ताणलेला हसरा चेहरा पुन्हा लावला, मान हलवली, "असू दे सर, गंमत असते, मलाही हसू येतं," असं म्हणाल्या आणि गेल्या. मला मोकळं करून गेल्या. सही केलेला अर्ज टेबलावरच राहिला होता.

मार्चअखेरीला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

सणाच्या दिवशी मी मुद्दाम सकाळीच ग्रंथालयात गेलो. रिकामं टेबल पाहून बरं वाटेल अशी आशा होती. मावशी टेबलामागे बसल्या होत्या. अंगावर नवी साडी होती, तिच्यावर खळ उडू नये म्हणून जुनं फडकं बांधलं होतं, आणि त्या एक शब्दकोश शिवत होत्या. मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, की कामं फार तुंबलीत सर, म्हटलं यंदा नको सुट्टी. मी घरी जा म्हणालो. त्या म्हणाल्या, जाते की, एवढं संपलं की. दुपारी चारला पाहिलं तरी तिथंच होत्या. तिसऱ्यांदा सांगायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या कुठल्याही शब्दाचा त्या काय अर्थ लावतील, याची मला भीती वाटायला लागली होती.

शिफारस मी केली, पहिल्यापेक्षा दोन ओळी जास्त लिहून. मावशी पुढे चार वर्षं राहिल्या आणि मग मुलीकडे निघून गेल्या. त्या चार वर्षांत त्यांनी सणाचा अर्ज पुन्हा कधी दिला नाही.

लेख त्याच वर्षाअखेरीस छापून आला. एका तरुण बाईचा होता. तक्ता नव्हता. मी थेट नोकरीच्या भागाकडे गेलो. तो भाग निम्मा झाला होता. हसून घेण्याचा मुद्दा दोन कोरड्या वाक्यांत उरकला होता. तळटीप होती: एका व्यक्तीनं आपली मुलाखत नंतर मागे घेतल्यामुळे या विभागातील मजकूर कमी केला आहे, मुलाखती आता एकवीस.

मी ते पान पुन्हा पुन्हा चाळलं. माझा विनोद कुठंच नव्हता. मी कुठंच नव्हतो. आणि लाज वाटायच्या आधी मला जे वाटलं तेही सांगून टाकतो, मला हायसं वाटलं.